तीन कोटेशनं, तीन एककं: पत्र्याचा खरा दर कसा काढायचा

प्रश्न: आमच्या देवगड तालुक्यातल्या आंबा पॅकिंगच्या शेडवर रंगीत पत्रे घालायचे आहेत. छपराची लांबी 59 फूट, दोन्ही उतार 16-16 फुटांचे. कोल्हापूरवाला 90 रुपये किलो सांगतो, जीएसटी आणि भाडं वेगळं (टेम्पोवाला 9,000 म्हणतो). कणकवलीवाला 162 रुपये रनिंग फूट, सगळं धरून, जागेवर पोच. रत्नागिरीवाला 46 रुपये चौरस फूट, स्क्रू आणि रिज धरून, जीएसटी वेगळा. मी तक्ता केला तर कोल्हापूर 71,100, रत्नागिरी 86,894 आणि कणकवली 93,312 येतं. एवढा 22 हजारांचा फरक कसा? तक्ता कुठे चुकला का? कोटेशनांचे फोटो जोडले आहेत.

उत्तर:

गुणाकार चुकलेला नाही. पण तुमच्या तीन आकड्यांपैकी एका आकड्यात कर नाही, भाडं नाही. दुसऱ्यात दोन्ही आहे, पण पत्रा पातळ आहे. तिसऱ्यात स्क्रू आहेत, पण पत्र्याची रुंदी तुम्ही धरलीत ती विक्रेत्याने धरलेली नाही. तीन वेगळ्या वस्तूंच्या किमती एका रांगेत बसल्यात, म्हणून 22 हजार दिसतात. नीट मांडलं तर फरक सहा-सात हजारांवर येतो. कसा ते दाखवतो.

मी चिपळूणच्या बाजूला एका कारखान्याच्या खरेदी विभागात 19 वर्षं काढली, आता लहान ठेकेदारांची खरेदी आणि हिशेब बघतो. या काळात एक सवय लागली. कोटेशन हातात आलं की दराकडे नंतर बघायचं, आधी एकक बघायचं. कारण एककावरून कळतं की मापातली गडबड कोणाच्या अंगावर पडणार.

पत्र्याचंच घ्या. किलोवर विकणाऱ्याला पत्रा जाड गेला तर फायदा, कारण वजन वाढतं. रनिंग फुटावर विकणाऱ्याला पत्रा पातळ गेला तर फायदा, कारण फूट तेवढेच राहतात आणि लोखंड वाचतं. चौरस फुटावर विकणाऱ्याला रुंदी जास्त धरली तर फायदा. यात लबाडीच असते असं नाही. बहुतेक वेळा प्रत्येक जण आपल्या धंद्याच्या रिवाजाप्रमाणे लिहितो. पण तपासायची जागा तिघांकडे वेगळी असते, आणि ती तुम्हाला माहीत हवी.

आधी आपलं माप

तक्त्याच्या डोक्यावर विक्रेत्याचं नव्हे, आपलं माप लिहा. साधारण रंगीत पत्र्याची रुंदी मोजली तर काठापासून काठापर्यंत 1.07 मीटर, म्हणजे साडेतीन फूट भरतो. पण शेजारच्या पत्र्यावर एक पन्हळ चढवावी लागते, त्यामुळे छपरावर झाकलं जातं ते 1 मीटर, म्हणजे 3.28 फूटच. तुमचं 59 फूट म्हणजे 18 मीटर. एका उताराला 18 पत्रे, दोन्हीला मिळून 36. प्रत्येक 16 फुटांचा, म्हणजे 576 रनिंग फूट. झाकलं जाणारं क्षेत्र 1,889 चौरस फूट.

हे दोन आकडे, 576 आणि 1,889, एकदा ठरले की कुठल्याही कोटेशनसाठी बदलायचे नाहीत. प्रत्येक विक्रेता आपल्या एककात जे काही बोलेल, ते या छपराला किती लागेल एवढाच प्रश्न विचारायचा.

कोल्हापूर: किलो

इथे पहिला प्रश्न असा की 576 फूट पत्र्याचं वजन किती. तुमच्या फोटोत तळाला बारीक अक्षरात 'एका मीटरला 4.5 किलो' असं लिहिलंय, ते फार कामाचं आहे. ते नसतं तरी अंदाज काढता येतो. पत्रा ज्या सपाट कॉइलपासून बनतो ती साधारण 1.22 मीटर रुंद असते. 1.22 गुणिले जाडी 0.50 मिमी गुणिले लोखंडाची घनता 7.85 केलं की मीटरला 4.79 किलो येतं. पण 0.50 मध्ये जस्ताचा थर आणि रंग दोन्ही धरलेले असतात आणि रंग लोखंडापेक्षा पुष्कळ हलका, त्यामुळे खरं वजन याहून थोडं कमी भरतं. म्हणजे 4.5 पटण्यासारखं आहे. कोणी 5 किलो म्हणाला तर मात्र विचारायचं.

576 फूट म्हणजे 175.56 मीटर, त्याचे 790 किलो. 90 रुपयांनी 71,100. इथपर्यंत तुमचं बरोबर. आता पुढे चला. 18 टक्के जीएसटी 12,798 मिळून 83,898. टेम्पो 9,000. उतरवायची हमाली हजार धरू. झाले 93,898. एवढ्यावर तो कणकवलीच्या 93,312 च्या वर गेला, बघितलंत?

भाड्याबद्दल दोन गोष्टी. तुमचा माल जेमतेम 800 किलो, वजनाच्या हिशेबाने लहान पिकअपमध्येही जाईल. पण 16 फुटांचा पत्रा 8-9 फुटांच्या हौद्यात बसत नाही, बाहेर लोंबकळत घाट उतरवला तर कडा मुडपतात. म्हणून लांब हौद्याची गाडी लागते, आणि भाडं वजनावर नाही, लांबीवर ठरतं. टेम्पोवाल्याने 9,000 सांगितलं तेव्हा त्याला 16 फूट सांगितलं होतंत का, तेवढं विचारून घ्या. दुसरं, भाडं तुम्ही टेम्पोवाल्याला थेट दिलंत तर 9,000 च. तेच भाडं कोल्हापूरवाल्याने आपल्या बिलात लावलं तर मालाच्या किमतीत धरलं जाऊन त्यावरही 18 टक्के लागतात, म्हणजे 10,620. एकाच टेम्पोचे दोन दर.

कणकवली: रनिंग फूट

इथे गणित सोपं, 576 गुणिले 162. पण फोटो मोठा करून बघा. 162 ची ओळ 0.45 मिमीची आहे. त्याच कागदावर खालच्या ओळीत 0.50 चा दर 174 दिलाय. तुम्ही वरची ओळ उचललीत. कोल्हापूरच्या 0.50 शी तुलना करायची तर 174 च धरायला हवा, म्हणजे 1,00,224.

मनाने दहा टक्के वाढवून 0.45 चा दर 0.50 ला जुळवू नका. मी पूर्वी तसं करायचो आणि साहेबांसमोर तोंडावर पडलोय. जाडी, थर, रंग या गोष्टी रुपयांत बदलायच्या नसतात. त्या सारख्या करून पुन्हा दर मागायचा. नवीन दर मिळेपर्यंत तक्त्यात त्या रकान्यात आकडाच लिहायचा नाही, 'दर मागितला' असं लिहायचं.

समुद्राजवळ असाल तर थराचंही तसंच. साधा जस्ताचा थर आणि ॲल्युमिनियम-जस्ताचा थर यांत खाऱ्या वाऱ्यात फरक पडतो, आणि थर चौरस मीटरला किती ग्रॅम हे कोटेशनवर लिहून घ्यावं लागतं. तुमच्या तिघांपैकी दोघांनी लिहिलेलं नाही. खालचे सगळे आकडे तिघांचा थर सारखाच आहे असं धरून आहेत. तसं लेखी आलं नाही, तर त्या विक्रेत्याची रांग पुढे नेऊच नका.

'सगळं धरून' म्हणजे जीएसटी धरून, हेही लेखी हवं. अशा दरातून मूळ रक्कम काढायची असेल तर 18 टक्के वजा करायचे नाहीत, 1.18 ने भागायचं. 174 मधून 18 टक्के वजा केले तर 142.68 येतात, भागलं तर 147.46. फुटाला पावणेपाच रुपयांची चूक, 576 फुटांना पावणेतीन हजार.

रत्नागिरी: चौरस फूट

तुम्ही 1,889 ला 46 ने गुणलंत. पण फोटोत '3.5 रुंदी' लिहिलंय. म्हणजे तो काठापासून काठापर्यंत मोजणार, 576 गुणिले साडेतीन, 2,016 चौरस फूट. तुमच्या छपरावर झाकलं जाणारं क्षेत्र तेवढंच, पण बिलात 127 चौरस फूट जास्त. कर धरून जवळजवळ 6,900 रुपये फक्त एकमेकांवर चढलेल्या पन्हळींचे. यात चूक काही नाही, तो पत्रा मोजतोय, तुम्ही छप्पर मोजताय.

2,016 चे 46 ने 92,736, जीएसटी 16,692, मिळून 1,09,428. पोच मात्र 'मुख्य रस्त्यापर्यंत'. हे तीन शब्द मला महागात पडले होते. गुहागरच्या बाजूला एका वाडीत मी 20 फुटी पत्रे मागवले. ट्रक फाट्यावर थांबला, ड्रायव्हरने कागद दाखवला, आणि पुढचे पत्रे माणसांनी दोन-दोन करून पाखाडीने डोक्यावरून नेले. गडग्याला घासून तीन पत्र्यांचा रंग गेला. कागदावर सही माझीच होती, भांडणार कोणाशी. तुमच्या जागेपर्यंतचा शेवटचा टप्पा दीड हजार आणि हमाली हजार धरली तर 1,11,928.

स्क्रू आणि रिज

रत्नागिरीच्या दरात स्क्रू आणि आढ्यावरचा रिज आहे. बाकी दोघांच्यात नाही. ही गोष्ट तक्त्यात सगळ्यांत सहज निसटते, कारण जे कोटेशनमध्ये नाही त्याची ओळ कोण लिहिणार? म्हणून उलटं करायचं. आधी आपल्या कामाला लागणाऱ्या सगळ्या वस्तू उभ्या लिहायच्या, मग प्रत्येक विक्रेत्यासमोर 'आहे', 'नाही' भरायचं. 'नाही' असेल तिथे बाजारातून आणायचा खर्च घालायचा, शून्य नाही. तुमच्या कामाला कर धरून 11,000 धरतो. तुमच्याकडे तो खर्च वेगळा आला तर तोच घाला, मात्र दोघांना सारखाच.

आता बेरीज. कोल्हापूर 93,898 अधिक 11,000, म्हणजे 1,04,898. कणकवली 1,00,224 अधिक 11,000, म्हणजे 1,11,224. उतरवून देण्याचं त्याने लिहिलंय, म्हणून हमाली नाही. रत्नागिरी 1,11,928. झाकलेल्या चौरस फुटाला अनुक्रमे 55.53, 58.88 आणि 59.25 रुपये. तुमचे 22 हजार 6,326 वर आले, आणि तुमच्या तक्त्यात मधे असलेला रत्नागिरीवाला शेवटी गेला.

तक्ता असा

प्रत्येक विक्रेत्याला एक उभा रकाना द्या. दर B4 मध्ये, त्याच्या एककातलं बिलाचं माप B5 मध्ये, जीएसटी B6 मध्ये, भाडं, हमाली आणि स्क्रू-रिज B7 ते B9 मध्ये. आपलं क्षेत्र B2 मध्ये एकदाच. दर कर धरून असेल तर B6 मध्ये 0.

```
B5 (कोल्हापूर):  =ROUND(576*0.3048*4.5,0)
C5 (कणकवली):    =576
D5 (रत्नागिरी):  =576*3.5
B10: =B4*B5*(1+B6)+B7+B8+B9
B11: =B10/$B$2
```

B10 आणि B11 उजवीकडे ओढून घ्या. माप गुणाकार करून तयार आकडा टाकू नका, वर दिलंय तसं उघडंच ठेवा. चार महिन्यांनी कोणी विचारलं की 790 कुठून आले, तर सेलवर टिचकी मारली की दिसतं.

टाइप करताना दोन गफलती हमखास होतात. सवयीने `90/-` लिहिलं की एक्सेल तो आकडा न मानता मजकूर मानतं. गुणाकारात मग `#VALUE!` दिसतं, ते बरं, निदान कळतं. पण भाड्यात `9000/-` लिहून `SUM` वापरलंत तर ते मुकाट्याने वगळलं जातं आणि बेरीज छान दिसते. म्हणून वरच्या सूत्रात मी `SUM` न घेता `+` घेतलाय. दुसरं, B6 टक्केवारीचा सेल नसेल आणि तिथे नुसतं 18 टाकलंत, तर ते 1,800 टक्के होतं. 18% असं चिन्हासकट टाका.

जीएसटी खर्चात धरायचा की नाही

हे मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर प्रश्नच नाही, कर हा तुमचा खर्च, तुलना करासकट. नोंदणी असेल तर एरवी मी कर वगळून तुलना करा म्हणतो, कारण तो परत वळता होतो. पण स्वतःच्या बांधकामाच्या मालावरचा कर वळता करायला कायद्याच्या कलम 17(5) ने अडवलंय. नवीन शेडचं छप्पर त्यातच बसण्याची शक्यता जास्त. जुन्या शेडची दुरुस्ती असेल आणि ती त्या वर्षीच्या खर्चात टाकणार असाल तर उत्तर बदलू शकतं. हे तुमच्या सीएला एका वाक्यात विचारा. मी वर सगळीकडे करासकटच धरलंय.

आणि कोणी पक्क्या बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणाला तर तो आकडा या तक्त्यात आणूच नका. रंग उडाला तर दाद मागायला कागद नाही.

जे रुपयांत येत नाही

कोल्हापूरवाल्याला पूर्ण रक्कम आगाऊ हवी आणि तो 12 दिवस मागतो. कणकवलीवाला निम्मे घेतो, चार दिवसांत पोचवतो. लोक इथे व्याज काढायला बसतात. 83,898 चे 12 दिवसांचं व्याज वर्षाला 12 टक्क्यांनी जेमतेम 330 रुपये होतं, ते सोडून द्या. प्रश्न असा की चार पत्रे चेपलेले निघाले तर बदलून कोण, कधी देणार. कणकवलीहून दुसऱ्या दिवशी येतील. कोल्हापूरहून चार पत्र्यांसाठी पुन्हा लांब हौद्याचा टेम्पो कोण पाठवेल? आणि मृगाच्या आत छप्पर चढायला हवं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

माल उतरताना एक काम कराच. कुठलाही एक 16 फुटी पत्रा काढून काट्यावर ठेवा. 0.50 चा असेल तर 22 किलोच्या आसपास भरेल. वीसच्या खाली गेला तर तो 0.45 आहे, मग स्टिकरवर काही का लिहिलेलं असेना. किलोवर घेतलात तर हे एका पत्र्यावर भागत नाही, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी दोन्ही वजनं काट्यावरून घ्या. कोल्हापूरला गाडी भरताना तुमचं माणूस तिथे नसेल तर निदान देवगडला येताना वाटेत.

मी तुमच्या जागी असतो तर आधी तिघांकडून थर लेखी घेतला असता आणि मग हा तक्ता घेऊन कणकवलीला गेलो असतो. 0.50 चा दर 163 केला तर तो कोल्हापूरशी बरोबरीला येतो. तेवढा तो उतरणार नाही. पण 168 ला आला तर फरक 2,870 राहतो, आणि चार दिवसांची पोच, निम्मी उचल आणि जवळचं दुकान यांच्यासाठी मी तेवढे देईन. 174 वरच अडला तर कोल्हापूर, पण टेम्पो स्वतःचा, भाडं थेट, आणि 16 फूट हौदा आधी डोळ्यांनी बघून.